कार्यालयातील धूळ, धूर आणि दम्याच्या रुग्णाचा अर्ज

दमा असलेल्या कर्मचाऱ्याने कार्यालयाला लिहायच्या अर्जाचा उद्देश मर्यादित असतो. कार्यालयातील हवेत जे घटक मिसळल्यामुळे त्याला धाप लागते, ते घटक कमी करावेत किंवा त्यांच्यापासून त्याला दूर बसवावे, एवढीच त्याची मागणी असते. तरीही असे बरेच अर्ज निष्फळ ठरतात. अर्जात आजाराचे वर्णन भरपूर असते, पण धूळ कुठून येते, किती वाजता उडते आणि नेमके काय बदलायचे, हे त्यात सापडत नाही. प्रशासन विभागातील माणूस सहानुभूतीने अर्ज वाचतो, पण करायचे काय हे त्याला कळत नाही. मग तो ‘मास्क लावत जा’ असे सुचवून मोकळा होतो.

अर्जाच्या मजकुराआधी दमा कार्यालयात का वाढतो ते पाहावे लागते. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. त्यामुळे या नलिका अतिसंवेदनशील होतात. इतरांना शिंकही येणार नाही इतक्या धुळीने किंवा वासाने त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात, अस्तर आणखी सुजते, चिकट कफ सुटतो आणि हवेची वाट अरुंद होते. कार्यालयातील दम्याचे दोन प्रकार डॉक्टर वेगळे मानतात. पहिल्या प्रकारात आजार कामामुळेच जडतो. बेकरीत पिठाची धूळ, गाड्यांच्या रंगकामात आयसोसायनेट, लाकूडकामात काही लाकडांचा भुसा अशा पदार्थांची शरीराला ॲलर्जी होते. दुसऱ्या प्रकारात दमा आधीपासून असतो आणि कामाच्या जागी तो बळावतो. टेबल-खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांमध्ये बहुतेक वेळा हा दुसरा प्रकार दिसतो. अर्जाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात तो विशिष्ट पदार्थ पूर्ण टाळावा लागतो, कारण ॲलर्जी एकदा जडली की अगदी अल्प मात्राही पुरते. दुसऱ्या प्रकारात त्रासदायक घटकांचे प्रमाण खाली आणले तरी बराच आराम पडतो. म्हणूनच अशा कर्मचाऱ्याची मागणी कार्यालयाला पुरी करता येण्याजोगी असते.

त्रासाचे कारण ओळखताना एक अडचण येते. धुळीतील ॲलर्जीकारक घटक श्वासात गेल्यावर काही मिनिटांत छाती आवळते, हे सर्वांना माहीत असते. पण अनेकांमध्ये चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते, किंवा फक्त तीच येते. सकाळी साडेनऊला केर काढताना उडालेली धूळ संध्याकाळी लोकलमध्ये किंवा रात्री अंथरुणावर धाप लावते. मग दोष प्रवासाला, गारठ्याला नाहीतर घरातल्या फोडणीला दिला जातो. त्यामुळे कुठलाही अंदाज अर्जात लिहिण्याआधी दोन-तीन आठवड्यांची लेखी नोंद हवी.

या नोंदीसाठी पीक फ्लो मीटर नावाचे प्लास्टिकचे साधे नळीसारखे उपकरण लागते. ते औषधाच्या दुकानात मिळते. खोल श्वास घेऊन नळीत जोराने फुंकायचे आणि काटा जिथे थांबेल तो आकडा लिहायचा. फुंकताना दर मिनिटाला किती लिटर वेगाने हवा बाहेर पडते, ते हा आकडा सांगतो. प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा धरतात. कामाशी असलेला संबंध तपासताना दिवसातून साधारण चार वेळा मोजणी करतात: उठल्यावर, दुपारी, काम सुटल्यावर आणि झोपण्यापूर्वी. धाप लागल्यावर घ्यायचा पंप घेण्याआधीच फुंकायचे, म्हणजे औषधाने आकडा फुगत नाही. या काळात रोजचे प्रतिबंधक औषध आहे तसेच चालू ठेवायचे. ते कमी-जास्त केले तर आकडा हवेमुळे बदलला की औषधामुळे, हे सांगता येत नाही. सुटीच्या दिवसांची मोजणी कामाच्या दिवसांइतकीच मोलाची असते, कारण तुलना तिच्याशीच करायची असते. आकड्याशेजारी एका ओळीत त्या दिवशी काय घडले ते लिहायचे: दहा वाजता केर, दुपारी शौचालयात ॲसिड, शेजारच्या खोलीत पॉलिश.

समजा, पुण्यातील एका कार्यालयाच्या लेखा विभागात काम करणाऱ्या महिलेने अशी तीन आठवड्यांची नोंद ठेवली. तिचा सर्वोत्तम आकडा ४२०. सुटीच्या दिवशी तो ४०० ते ४१५ च्या दरम्यान राहतो. कामाच्या दिवशी सकाळी ३९० असतो आणि संध्याकाळी ३३० ते ३५० वर येतो. एका दिवशी शेजारच्या केबिनच्या दारांना तेलरंग लावला गेला, त्या संध्याकाळी तो ३१० होता. ३१० म्हणजे ४२० च्या सुमारे ७४ टक्के. सर्वोत्तम आकड्याच्या ८० ते ५० टक्क्यांच्या पट्ट्याला डॉक्टर ‘पिवळा पट्टा’ म्हणतात. तो सावध होण्याचा इशारा असतो. ५० टक्क्यांखालचा आकडा, या उदाहरणात २१० पेक्षा कमी, हा अर्ज लिहिण्याचा विषय उरत नाही. तेव्हा तातडीने दवाखाना गाठायचा असतो. सोमवार ते शनिवार उतरणारा आणि रविवारी वर येणारा हा आलेख कागदावर उमटला, की त्रास कार्यालयातच होतो हे वेगळे पटवावे लागत नाही.

यानंतर उगम शोधायचे. आपल्याकडच्या कार्यालयांत सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित उगम म्हणजे कोरडी केरसुणी. अनेक ठिकाणी सफाई कर्मचारी आणि बाकीचे लोक एकाच सुमारास येतात. लोक जागेवर बसलेले असतात, पंखे चालू असतात आणि केर काढला जातो. मोठे कण काही मिनिटांत खाली बसतात, पण डोळ्यांना न दिसणारे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात, आणि श्वासनलिकांत खोलवर जातात ते हेच. केर काढून झाल्यावर फरशी चकचकीत दिसते, त्यामुळे हवा वाईट झाली आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. जुन्या फायलींची खोली, गालिचा, कापडी पार्टिशन आणि जाड पडदे यांतही धूळ साठते. त्या धुळीत घरधुळीतल्या सूक्ष्म किड्यांचे अवशेष असतात, आणि दम्याच्या कित्येक रुग्णांना त्यांचीच ॲलर्जी असते. पावसाळ्यात गळक्या एसीखालची किंवा ओलसर भिंतीवरची बुरशीही यात भर घालते.

दुसरा मुद्दा हवा बदलण्याचा. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक तो खोलीतलीच हवा ओढून, गार करून परत सोडतो. खिडक्या बंद आणि ताजी हवा आणणारा पंखा नाही, किंवा आहे पण वीज वाचवण्यासाठी बंद ठेवलेला आहे, अशा खोलीत दिवसभराचे वास आणि धूळ साचत जातात. हे तपासण्याचा एक स्वस्त मार्ग म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा संच. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असते. माणसांनी भरलेल्या खोलीत दुपारी ते हजाराच्या बरेच वर जाऊन तिथेच राहत असेल, तर ताजी हवा कमी पडते आहे असे समजावे. दम्याचे कारण हा वायू नव्हे. पण माणसांनी सोडलेली हवा जिथे साचते, तिथे बाकीचे घटकही साचतात, म्हणून तो खूण म्हणून उपयोगी पडतो.

वाफा आणि धूर वेगवेगळ्या वाटांनी येतात: शौचालयात वापरलेले ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर, खोलीत मारलेला सुवासिक फवारा, सकाळी देव्हाऱ्यापुढे लावलेली उदबत्ती किंवा धूप, कीटकनाशकाची फवारणी, तळघरातून जिन्याने वर येणारा गाड्यांचा धूर, वीज गेल्यावर सुरू होणारा डिझेल जनरेटर. यांपैकी ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करणे सर्वांत घातक, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तो निरोगी माणसाच्याही श्वासनलिका भाजून काढतो. या वाफा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त छातीत जातात त्या सफाई कर्मचाऱ्यांच्या. सफाईच्या व्यवसायात दम्याचे प्रमाण जास्त आढळते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसलेले आहे. लेखा विभागातल्या बाईंच्या अर्जामुळे हे मिश्रण बंद झाले, तर स्वतः अर्ज करू न शकणाऱ्या माणसाचीही छाती वाचते.

लेझर प्रिंटरबद्दल मात्र अतिशयोक्ती टाळावी. छपाई चालू असताना त्यातून अतिसूक्ष्म कण आणि थोड्या वाफा बाहेर पडतात, पण किती, ते यंत्रानुसार खूप बदलते. एखादा छोटा प्रिंटर हवेशीर खोलीच्या कोपऱ्यात असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. सबंध मजल्याची छपाई करणारे मोठे यंत्र श्वासाच्या अंतरावर असेल, तर ते हलवायला सांगणे रास्त ठरते.

नूतनीकरण हा तात्पुरता पण सर्वांत तीव्र प्रसंग. पीओपी घासण्याची धूळ, प्लायवूड कापतानाचा भुसा, सनमायका चिकटवण्याचा गम, थिनर आणि पॉलिश हे सगळे एकाच पंधरवड्यात येते, आणि ‘काम लवकर उरकू’ म्हणून लोक शेजारी बसलेले असतानाच ते चालते. अर्ज करण्याची खरी वेळ त्याआधीची असते. ठेकेदाराशी दर ठरताना अटी घातल्या तर खर्च जवळजवळ वाढत नाही. काम निम्मे झाल्यावर मागितलेली प्रत्येक गोष्ट महाग आणि अडचणीची होते.

उपायांनाही क्रम असतो, आणि मागण्या त्याच क्रमाने लिहाव्यात. आधी उगमच काढून टाकता येतो का ते पाहायचे. नाही तर त्याच्या जागी सौम्य पर्याय, जसे तेलरंगाऐवजी पाण्यात विरघळणारा रंग किंवा कोरड्या केरसुणीऐवजी ओला पोछा. तेही जमत नसेल तर वेळ किंवा जागा बदलून माणूस आणि उगम वेगळे करायचे. त्यानंतर हवा खेळती करणे आणि गाळणे. मास्क सर्वांत शेवटी येतो. एन-९५ मास्क धूळ अडवतो, पण थिनरच्या किंवा ॲसिडच्या वाफा त्यातून सरळ आत येतात. दम्याच्या माणसाला आठ तास तो लावून बसणेही जड जाते. फायलींच्या खोलीत दहा मिनिटे जायचे असेल तर तो उपयोगी पडतो. रोजची सोय म्हणून तो पुरत नाही.

वरच्या उदाहरणातील महिलेचा अर्ज साधारण असा होईल:

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रशासन व मनुष्यबळ विभाग

विषय : दम्याच्या त्रासामुळे बसण्याची जागा, साफसफाईची वेळ व नूतनीकरणाच्या कामात काही बदल करण्याबाबत.

महोदय,

मी तिसऱ्या मजल्यावरील लेखा विभागात सहा वर्षे काम करत आहे. मला दमा आहे व त्यासाठी मी नियमित औषध घेते. गेल्या दोन महिन्यांत कामाच्या दिवशी संध्याकाळी मला धाप व खोकला होतो आणि सुटीच्या दिवशी तो कमी होतो. तीन आठवडे ठेवलेली श्वासाची नोंद व माझ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

नोंदीवरून त्रास तीन कारणांनी वाढतो असे दिसते. सकाळी साडेनऊ ते दहा या वेळेत आम्ही जागेवर असताना कोरडा केर काढला जातो. माझे टेबल मोठ्या प्रिंटरला आणि फायलींच्या खोलीच्या दाराला लागून आहे. शौचालयात दुपारी वापरल्या जाणाऱ्या ॲसिडचा उग्र वास आमच्या विभागापर्यंत येतो. याशिवाय गेल्या महिन्यात शेजारच्या केबिनला तेलरंग लावला त्या दिवशी मला सर्वांत जास्त त्रास झाला.

म्हणून माझी विनंती आहे की,

१. आमच्या मजल्यावरील केर सकाळी साडेआठपूर्वी किंवा संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर काढावा, व कोरड्या केरसुणीऐवजी ओला पोछा किंवा व्हॅक्यूम वापरावा.

२. माझे टेबल उत्तरेकडील खिडकीजवळच्या रिकाम्या जागी हलवावे. ही जागा प्रिंटरपासून दूर आहे व तिथे संगणकाची जोडणी उपलब्ध आहे.

३. शौचालयात ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र वापरू नये, सौम्य द्रव वापरावा आणि त्या वेळी तेथील एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा.

४. पुढील महिन्यात सभागृहाचे नूतनीकरण होणार आहे. त्या वेळी कामाची जागा जमिनीपासून छतापर्यंत प्लास्टिकने बंद करावी, प्लायवूड इमारतीबाहेर कापावे आणि रंग व पॉलिश शनिवारी संध्याकाळनंतर लावावे. ते दिवस मला दुसऱ्या मजल्यावरून किंवा घरून काम करण्याची परवानगी मिळावी.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी लवकर होऊ शकल्या तर मी आभारी राहीन. महिनाअखेरीचे हिशेब वेळेत पूर्ण करण्यात खंड पडू नये, हाही यामागे हेतू आहे. याबाबत प्रत्यक्ष बोलण्यासाठी येत्या आठवड्यात वेळ द्यावी, आणि बदल झाल्यावर एक महिन्याने आपण एकत्र आढावा घ्यावा. माझ्या आजाराची माहिती आवश्यक त्या व्यक्तींपुरतीच ठेवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी, हुद्दा, दिनांक)

या अर्जात आजाराविषयी तीनच वाक्ये आहेत, आणि तेवढी पुरतात. दमा कधीपासून आहे, कोणती औषधे चालू आहेत, लहानपणी किती वेळा दवाखान्यात ठेवले होते, हे मालकाला सांगण्याची गरज नसते. त्याला निर्णयासाठी एवढेच कळायला हवे की आजार खरा आहे, कामाच्या जागी तो वाढतो आणि अमुक बदलांनी तो कमी होण्याची शक्यता आहे. ‘शक्यता’ हा शब्दही जपून वापरावा. टेबल हलवल्याने दमा बरा होईल असे लिहिले आणि महिन्याने एकदा धाप लागली, तर सगळा अर्जच खोटा ठरवला जातो.

प्रत्येक मागणी अशी आहे की ती पुरी झाली की नाही, हे कुणालाही पाहून सांगता येईल. ‘धूळमुक्त वातावरण मिळावे’ ही मागणी कधीच पुरी होऊ शकत नाही, म्हणून ती कधी सुरूही होत नाही. ‘केर साडेआठपूर्वी’ ही मागणी दुसऱ्या दिवशी पुरी होते. नवी जागा अर्जदाराने स्वतः शोधून ठेवली आहे, यालाही अर्थ आहे. जागा निवडण्याचे काम दुसऱ्यावर सोडले तर अनेकदा ‘खिडकीजवळची मोकळी हवा’ म्हणून रहदारीच्या रस्त्यावर उघडणारी किंवा जनरेटरच्या वरची खिडकी मिळते, आणि त्रास दुप्पट होतो. मागण्या चारच आहेत. पंधरा मागण्यांच्या अर्जातील सर्वांत सोपी मागणी मान्य होते आणि बाकीच्या मागे पडतात.

नूतनीकरणाच्या कलमात प्लास्टिकच्या पडद्याचा उल्लेख आहे. त्याला एक पूरक गोष्ट लागते, आणि ती ठेकेदाराला समजावून सांगावी लागते. पडद्याच्या आत, बाहेरच्या खिडकीत एक पंखा असा बसवायचा की तो कामाच्या जागेतली हवा इमारतीबाहेर फेकेल. तसे केले की पडद्याच्या फटींमधून हवा कार्यालयाकडून कामाच्या जागेकडे ओढली जाते, धूळ उलट बाहेर येत नाही. नुसता पडदा लावला आणि आत साधा पंखा फिरवला तर तीच धूळ फटींतून कार्यालयात ढकलली जाते. मध्यवर्ती एसी असेल तर कामाच्या जागेतली हवा परत ओढणारी जाळी बंद करावी लागते, नाहीतर भुसा सगळ्या मजल्यावर वाटला जातो. पडदा आतल्या बाजूला, कामाच्या जागेकडे फुगलेला दिसला तर व्यवस्था बरोबर आहे. तो कार्यालयाच्या बाजूला फुगला असेल तर चुकली आहे. ही तपासणी शिपाईदेखील रोज सकाळी करू शकतो.

रंग वाळला म्हणजे वाफा संपल्या असे नाही. पाण्याच्या रंगाचा वास सहसा लवकर जातो, पण तेलरंग, पॉलिश आणि गम यांच्या वाफा कित्येक दिवस निघत राहतात. प्लायवूडमधले फॉर्मल्डिहाइड तर महिनोन्‌महिने झिरपते. म्हणून शनिवारी रंग लावून सोमवारी सकाळी लोकांना बसवायचे असेल, तर मधल्या वेळात खिडक्या आणि एक्झॉस्ट सतत उघडे हवेत. नवे लाकडी फर्निचर असलेली खोली दम्याच्या माणसाला लगेच दिली जाऊ नये.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्राकडे अर्जाइतकेच लक्ष द्यावे लागते. ‘रुग्णास दमा आहे, धूळ टाळावी’ एवढे लिहिलेल्या कागदाचा उपयोग होत नाही, आणि ‘विश्रांतीची गरज आहे’ असे लिहिले तर उलटा परिणाम होतो. माणूस कामास अपात्र आहे असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रमाणपत्रात चार गोष्टी याव्यात: अर्जदार डॉक्टरांच्या उपचाराखाली आहे, तो त्याचे काम करण्यास सक्षम आहे, कामाच्या जागची धूळ व वाफा यांमुळे त्रास वाढल्याचे नोंदीवरून दिसते, आणि अर्जात मागितलेले बदल वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहेत. डॉक्टरांना तपासणीच्या वेळी अर्जाचा मसुदा आणि नोंदवही दोन्ही दाखवली, की असे प्रमाणपत्र मिळायला अडचण येत नाही. याच भेटीत औषधांचाही आढावा होतो, आणि तो होणे आवश्यक आहे. प्रतिबंधक औषध अनियमित घेणारा किंवा पंप चुकीच्या पद्धतीने ओढणारा माणूस कितीही स्वच्छ हवेत बसला तरी धापतो.

कायद्याचा आधार भारतात आहे, पण तो सरळ नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार दीर्घकाळचा आणि रोजच्या हालचालींवर लक्षणीय परिणाम करणारा दमा अपंगत्वात बसू शकतो, आणि मग वाजवी फेरबदल करणे हे मालकाचे कर्तव्य ठरते. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही वाजवी सोयीची कल्पना आहे. मालकावर अवाजवी बोजा न टाकता केलेले आवश्यक व योग्य बदल, असा तिचा आशय आहे. मात्र त्या कायद्याच्या यादीतील २१ प्रकारांत दम्याचे नाव नाही, आणि अशी सोय देण्याचे रोजगाराविषयीचे थेट बंधन त्यात शासकीय आस्थापनांवर घातलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात, ठरावीक टक्केवारीचे अपंगत्व नसले तरी सोय नाकारता येत नाही असा निकाल दिला. त्यामुळे दृष्टी व्यापक झाली आहे. तरी खाजगी कार्यालयातील दम्याच्या रुग्णाने केवळ या कायद्यावर भिस्त ठेवू नये.

महाराष्ट्रातील खाजगी कार्यालयाच्या बाबतीत जास्त उपयोगी पडतो तो राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. स्वच्छता, प्रकाश आणि वायुवीजन यांसह कामगारांच्या आरोग्याची व सुरक्षिततेची काळजी घेणे ही मालकाची जबाबदारी त्यात सांगितली आहे. कार्यालयातला धूर सिगारेटचा असेल तर प्रश्न आणखी सोपा होतो. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे, आणि २००८ च्या नियमांनी कामाच्या जागाही त्यात स्पष्टपणे आणल्या. पहिल्याच अर्जात कलमे लिहिण्याची गरज नसते. वायुवीजनाची विनंती कर्तव्याच्या कक्षेत येते हे अर्जदाराला माहीत असावे, म्हणजे नकार आल्यावर दुसऱ्या अर्जात ते लिहिता येते. कर्मचारी संघटना किंवा सुरक्षा समिती असेल तर दुसऱ्या अर्जाची प्रत तिलाही द्यावी.

अर्ज दिल्याची पोच घ्यावी, किंवा तो ईमेलने पाठवावा. कित्येकदा तोंडी होकार मिळतो, आठवडाभर केर लवकर निघतो आणि सफाईचा ठेका बदलला की पुन्हा साडेनऊला केरसुणी सुरू होते. म्हणून मान्य झालेले बदल, ते कोण करणार आणि केव्हापासून, हे बैठकीनंतर दोन ओळींत लिहून व्यवस्थापकाला पाठवणे चांगले. साफसफाईच्या वेळेसारखी गोष्ट ठेकेदाराच्या करारात गेली तरच टिकते.

कार्यालयाकडून येणारा एक सामान्य प्रतिसाद म्हणजे हवा शुद्ध करणारे यंत्र. ते उपयोगी असते, पण ते खोलीच्या आकाराला पुरेसे हवे. २० फूट लांब, १५ फूट रुंद आणि ९ फूट उंच खोलीत २७०० घनफूट, म्हणजे सुमारे ७६ घनमीटर हवा असते. तासाला ही हवा पाच वेळा गाळायची तर यंत्राची शुद्ध हवा देण्याची क्षमता ताशी सुमारे ३८० घनमीटर हवी. टेबलावर ठेवायचे छोटे यंत्र याच्या जवळपासही जात नाही. हेपा गाळणी धूळ पकडते पण वाफा पकडत नाही. त्यांसाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो आणि तो काही महिन्यांत भरून जातो. ओझोन सोडून हवा ताजी करतो असा दावा करणारे यंत्र दम्याच्या माणसाजवळ लावूच नये, कारण ओझोन स्वतःच श्वासनलिकांना चेतवतो.

दुसरा प्रतिसाद म्हणजे अर्जदाराला एकट्याला कोपऱ्यातल्या खोलीत बसवणे किंवा कायमचे घरून काम करायला सांगणे. नूतनीकरणाच्या पंधरवड्यासाठी ते योग्य ठरते. पण कायमचा उपाय म्हणून ते स्वीकारण्याआधी विचार करावा, कारण त्यात उगम तसाच राहतो, शेजारचे लोक तीच हवा घेत राहतात आणि अर्जदाराचा सहकाऱ्यांशी व कामाच्या घडामोडींशी संबंध तुटतो. अर्जात मागितलेला क्रम, म्हणजे आधी उगम आणि मग जागा, शांतपणे पुन्हा दाखवून देणे हे याचे उत्तर.

महिन्याने आढावा घेताना तीच नोंदवही उपयोगी पडते. बदलांनंतर पुन्हा दोन आठवडे चार वेळा फुंकून आकडे लिहायचे. उदाहरणातील महिलेचा संध्याकाळचा आकडा ३३० वरून ३८० च्या वर आला आणि सुटी व कामाचे दिवस यांतला फरक जवळजवळ मिटला, तर व्यवस्था पुरेशी झाली. आकडा थोडाच सुधारला असेल तर नोंदीतून उरलेला उगम शोधायचा. एसीच्या गाळण्या कधी धुतल्या होत्या, ताजी हवा आणणारा पंखा चालू आहे का, गालिचा काढता येईल का, हे प्रश्न तेव्हा येतात. सगळे बदल होऊनही आकडा कामाच्या दिवशी पूर्वीइतकाच घसरत असेल, तर पहिल्या प्रकारच्या दम्याची, म्हणजे कामाच्या जागी असलेल्या एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जी जडली असल्याची शंका घ्यावी लागते. तिचे निदान छातीरोगतज्ज्ञ रक्ताच्या, त्वचेच्या आणि श्वासाच्या तपासण्यांनी करतात. तसे निदान झाले तर पुढच्या अर्जात त्या पदार्थाचे नाव लिहून तो पूर्ण बंद करण्याची, आणि ते शक्य नसेल तर दुसऱ्या इमारतीत बदली देण्याची मागणी करावी लागते.